प्रिंटर जागेवरच आहे, पत्ता मात्र बदललाय

वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या ऑफिसात नऊ कॉम्प्युटर आणि एकच प्रिंटर आहे. रात्री वीज गेली आणि पहाटे आली. सकाळी अकाउंट्स बघणाऱ्या मॅडमचा मला फोन आला, "सर, काल संध्याकाळी चलनं छापली होती. आज एकाही कॉम्प्युटरवरून प्रिंट निघत नाहीये. मशीन जळलं का हो?"

नऊच्या नऊ कॉम्प्युटर एकाच वेळी बिघडणं अवघड. प्रिंटर जळला असता तर त्याचा पडदाही लागला नसता. तो चालू होता, झेरॉक्सही नीट काढत होता. म्हणजे बिघाड दोघांच्या मधे कुठेतरी होता.

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता लागतो. लहान ऑफिसांत तो राउटर वाटतो आणि ठरावीक मुदतीपुरताच देतो. इंग्रजीत या मुदतीला 'लीज' म्हणतात. आपला अकरा महिन्यांचा भाडेकरार डोळ्यांसमोर आणा, फक्त इथे मुदत बहुधा काही तासांची किंवा एखाद्या दिवसाची असते. निम्मी मुदत सरली की यंत्र स्वतःहून नूतनीकरण मागतं आणि राउटर तोच पत्ता पुढे चालू ठेवतो. यंत्र सतत चालू असेल, तर पत्ता महिनोन्‌महिने तोच राहतो. त्यामुळे तो कायमचा आहे असं वाटू लागतं. या ऑफिसात प्रिंटर बसवताना त्या दिवशी असलेला पत्ता, 192.168.1.103, नऊही कॉम्प्युटरांवर टाइप करून ठेवला होता.

कोणाला कोणता पत्ता दिला याची वही बरेच साधे राउटर तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात. वीज गेली की ती कोरी होते. पहाटे राउटर उठला, पण प्रिंटरचं बटण साडेनऊला कोणीतरी दाबेपर्यंत तो बंदच होता. दरम्यान जो आला त्याला राउटरने मोकळा दिसणारा पत्ता देऊन टाकला.

मी पोचलो तेव्हा एका मुलाने तपासणी सुरू केली होती. तो म्हणाला, "सर, ping ला उत्तर येतंय, म्हणजे नेटवर्क ठीक आहे." त्याचं निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष चुकला होता. ping मुळे त्या पत्त्यावर कोणीतरी जागं आहे एवढंच कळतं. ते कोण आहे हे कळत नाही. त्यासाठी त्याच कॉम्प्युटरवर लगेच दुसरी आज्ञा द्यावी लागते:

```
ping 192.168.1.103
arp -a
```

दुसऱ्या आज्ञेने आलेल्या यादीत ही ओळ होती:

```
192.168.1.103    6a-3f-91-0c-d2-75    dynamic
```

मधला बारा अक्षरांचा आकडा म्हणजे यंत्राचा मॅक पत्ता, नेटवर्कवरची त्याची स्वतःची ओळख. आता प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्क माहितीचं पान छापलं. हे पान प्रिंटर स्वतःच छापतो, त्याला नेटवर्क लागत नाही. त्यावर मॅक पत्ता वेगळाच होता आणि आयपी पत्ता होता 192.168.1.108. मग 103 वर कोण होतं? मॅक पत्त्याचं दुसरं अक्षर 2, 6, a किंवा e असेल, तर तो पत्ता बहुधा कारखान्यात दिलेला नसून यंत्राने स्वतः बनवलेला असतो. हल्लीचे मोबाइल गोपनीयतेसाठी तसं करतात. शोधल्यावर सकाळी लवकर आलेल्या एका सहकाऱ्याचा मोबाइल निघाला. नऊही कॉम्प्युटर आपली कागदपत्रं त्याच्या दारात नेत होते आणि तिथे प्रिंटची कामं घेणारं कोणीच नव्हतं.

त्या पानावर पत्ता 169.254 ने सुरू झालेला दिसला, तर गोष्ट वेगळी. राउटरकडून उत्तर न मिळाल्यामुळे प्रिंटरने तो स्वतःच घेतलेला असतो. अशा वेळी आधी केबल किंवा वायफाय तपासायचं, मग राउटर पूर्ण चालू आहे याची खात्री करून प्रिंटर बंद-चालू करायचा.

इथे नऊ कॉम्प्युटरांवर 108 टाकता आला असता. पण पुढच्या वेळी वीज गेली की पुन्हा तेच. प्रिंटरच्या मेनूत 103 हाताने भरणंही धोक्याचं, कारण राउटरला ते ठाऊकच नसतं. वाटपाच्या टप्प्यातला तोच पत्ता तो दुसऱ्याला देऊ शकतो आणि मग दोन यंत्रं एकाच पत्त्यावर भांडतात. म्हणून मी राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरच्या मॅक पत्त्यासाठी 103 राखून ठेवला. ही नोंद वहीत नाही, कायमच्या सेटिंगमध्ये जाते, त्यामुळे वीज गेली तरी टिकते. मग मोबाइलचं वायफाय बंद करून सुरू केलं, त्याला दुसरा पत्ता मिळाला. त्यानंतर प्रिंटर बंद-चालू केला. एकाही कॉम्प्युटरला हात न लावता अडकलेली चलनं बाहेर पडू लागली.

उद्या राउटरच बदलला, तर ही राखीव नोंद जुन्या डब्यासोबत जाईल. म्हणून प्रिंटरचे दोन्ही पत्ते कागदावर लिहून मॅडमनी तो कागद प्रिंटरच्या बाजूला चिकटवला.