प्रमुख कामगिरी निर्देशक (लहान व्यवसाय)

प्रमुख कामगिरी निर्देशक म्हणजे धंदा कसा चालला आहे हे नियमितपणे सांगणारे मोजके आकडे. बोलताना त्यांना सर्रास ‘केपीआय’ म्हणतात. हिशोबाच्या वहीत आकडे पुष्कळ असतात, पण त्यांतला प्रत्येक आकडा निर्देशक नसतो. जो बिघडला की मालकाने उद्या सकाळी काहीतरी वेगळे करायचे असते, तोच निर्देशक. दुकानाच्या पानाला किती लोकांनी ‘लाइक’ केले हे कळून खरेदी, भाव, माणसे किंवा वसुली यांत काहीच बदलणार नसेल, तर तो आकडा कौतुकाचा आहे, कामाचा नाही.

ही पद्धत मोठ्या कारखान्यांतून आली. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत डोनाल्डसन ब्राऊन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गुंतवणुकीवरचा परतावा नफ्याचे प्रमाण आणि भांडवलाची उलाढाल अशा दोन भागांत फोडून दाखवला. १९९२ मध्ये रॉबर्ट कॅप्लन आणि डेव्हिड नॉर्टन यांनी पैशाच्या आकड्यांना ग्राहक, अंतर्गत कामकाज आणि शिकणे-सुधारणे यांच्या आकड्यांची जोड दिली. तिथून वीस-पंचवीस चौकटींचे तक्ते रूढ झाले. चार-सहा माणसांच्या धंद्यात असा तक्ता दोन महिन्यांत धूळ खातो, कारण तो भरणारा माणूस आणि गल्ल्यावर बसणारा माणूस एकच असतो. अशा धंद्याला चार आकडे पुरतात. ते कोणते आणि कसे काढायचे, हे पोळी-भाजी केंद्राच्या उदाहरणाने नीट समजते. पुढील रकमा समजावण्यासाठी धरलेल्या आहेत.

विक्री वाढली, नफा घटला

केंद्र महिन्यात २६ दिवस उघडे असते. गेल्या महिन्याची विक्री ३,४०,००० रुपये होती, या महिन्यात ती ३,६०,००० झाली. त्यांपैकी १,२०,००० रुपयांचे डबे कचेऱ्यांना आणि वसतिगृहाला उधारीवर जातात, बाकी विक्री रोख किंवा मोबाइलवरून होते. रोज संध्याकाळी गल्ला मोजणाऱ्याला महिना चांगला गेल्यासारखे वाटणार.

पहिला निर्देशक म्हणजे विक्रीच्या शंभर रुपयांत कच्चा माल किती रुपयांचा गेला. तो काढताना महिन्याची खरेदी विक्रीने भागून चालत नाही, कारण आणलेला सगळा माल शिजलेला नसतो. महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक २२,००० रुपये, खरेदी १,४२,८०० आणि अखेरची शिल्लक २८,००० असेल, तर वापरलेला माल २२,००० + १,४२,८०० − २८,००० म्हणजे १,३६,८०० रुपयांचा. विक्रीच्या मानाने तो ३८ टक्के होतो. गेल्या महिन्यात हाच आकडा ३३ टक्के होता.

या पाच टक्क्यांचे वजन पाहू. गॅस आणि बांधणीचे डबे-पिशव्या यांवर विक्रीच्या साधारण ८ टक्के जातात. विक्री होवो न होवो, द्यावाच लागणारा खर्च असा: पगार १,०८,०००, भाडे ३२,०००, वीज-पाणी-फोन १२,००० आणि मालकाचा स्वतःचा पगार २५,०००, एकूण १,७७,०००. मालकाचा पगार यात धरलाच पाहिजे. तो न धरल्यामुळे कित्येक केंद्रे कागदावर नफ्यात दिसतात आणि घरखर्च मात्र भिशीतून भागतो.

गेल्या महिन्यात माल आणि गॅस-बांधणी जाऊन दर शंभर रुपयांतून ५९ उरत होते. ३,४०,००० वर ते २,००,६०० झाले आणि ठरलेला खर्च जाऊन २३,६०० नफा राहिला. या महिन्यात शंभरातून ५४ च उरले. ३,६०,००० वर ते १,९४,४०० होतात, म्हणजे नफा १७,४००. वीस हजारांची विक्री वाढूनही नफा ६,२०० रुपयांनी कमी झाला आणि गल्ल्याला त्याचा पत्ताही नव्हता.

दुसरा निर्देशक यातूनच निघतो: ना नफा ना तोटा होण्यासाठी रोज किती विक्री हवी. १,७७,००० ला ०.५९ ने भागले की महिन्याला ३,००,००० येतात, रोजचे सुमारे ११,५४०. तेच ०.५४ ने भागले तर ३,२७,८०० च्या आसपास, रोजचे १२,६१० च्या घरात. हा आकडा गल्ल्यामागच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे. टक्केवारी मदतनीसाच्या डोक्यात बसत नाही, पण “आज साडेबारा हजार व्हायला हवेत” हे बसते.

पाच टक्के कुठे गेले

टक्केवारी बिघडल्याचे सांगते, कारण सांगत नाही. कारणासाठी ओट्यापाशी जावे लागते. एक किलो कणकेत साधारण ६५० ग्रॅम पाणी मुरते आणि सुमारे १,६५० ग्रॅम मळलेली कणीक होते. चाळीस ग्रॅमचा उंडा घेतला तर किलोमागे चाळीसेक पोळ्या निघतात. पोळ्या करणाऱ्या बाई बदलल्या किंवा गर्दीच्या वेळी हात सैल पडला की उंडा ४८ ग्रॅमवर जातो आणि पोळ्या ३४ च निघतात. रोजच्या ६०० पोळ्यांना १५ किलोऐवजी साडेसतरा किलोहून थोडी जास्त कणीक लागते. किलोला ४० रुपये धरले तर महिन्याला साधारण २,७०० रुपये जास्त गेले. हे तपासायला यंत्रणा लागत नाही: तवा तापत असताना कोणतेही दहा उंडे उचलून काट्यावर ठेवावेत. चारशे ग्रॅम भरले तर ठीक.

दुसरी जागा रात्रीच्या पातेल्याची. पूर्वी रोज किलोभर भाजी उरायची, आता साडेतीन किलो उरते. वाढलेल्या अडीच किलोचा माल किलोला १०० रुपयांप्रमाणे दिवसाला २५० आणि महिन्याला ६,५०० रुपये होतो. उरलेली भाजी कामगार घरी नेतात म्हणून ती वाया गेली असे कुणाला वाटत नाही, पण खर्च झालेलाच असतो. पातेले घासायला टाकण्यापूर्वी वजन आणि भाजीचे नाव पाटीवर लिहिले की दोन आठवड्यांत कळते, उरते ती बहुतेक वेळा एकच भाजी आणि तीही ठरावीक वारी.

३,६०,००० वर पाच टक्के म्हणजे १८,००० रुपये; त्यांपैकी ९,२०० रुपयांचा हिशोब असा लागला. उरलेले ८,८०० भाजी मंडईत महागल्याचे असू शकतात, पण ते गृहीत न धरता गेल्या दोन महिन्यांच्या चिठ्ठ्यांवरचे भाव ताडून पाहावेत. भाव तेच असतील तर माल मागच्या दाराने जातो आहे, किंवा मालकाच्या घरचा किराणा केंद्राच्या खात्यावर पडतो आहे. यातले दुसरे कारण जास्त वेळा सापडते आणि ते काढताना घरात जास्त अवघड जाते.

उधारीचे दिवस

तिसरा निर्देशक म्हणजे डबे दिल्यापासून पैसे हातात यायला लागणारे दिवस. महिनाअखेरची एकूण येणी भागिले त्या महिन्याची उधारीची विक्री, गुणिले ३०. या केंद्राची येणी १,४०,००० वरून २,००,००० वर गेली, म्हणजे ३५ दिवसांचे ५० झाले. नेहमीची चूक अशी की उधारीच्या विक्रीऐवजी एकूण विक्रीने भागतात. मग २,००,००० भागिले ३,६०,००० असे करून १७ दिवस येतात आणि वसुली झकास चालल्याचा भास होतो.

१७,४०० नफा झाला तरी बँकेतले पैसे कमी का झाले, याचे उत्तर इथे आहे. साठ हजार वाढलेल्या येण्यात अडकले आणि सहा हजार कोठारातल्या वाढीव मालात. पुरवठादारांची देणी पूर्वीइतकीच असतील आणि मालकाने आपला ठरलेला पगार घेतला असेल, तर खात्यात ४८,६०० रुपये कमी दिसतील. सरासरी दिवसांबरोबर जुनी येणीही वेगळी लिहावीत: ३० दिवसांच्या आतली, ३० ते ४५ आणि त्यापुढची. पन्नास दिवसांची सरासरी सगळ्यांनी मिळून केलेली नसते. चार कचेऱ्या वेळेवर देतात आणि वसतिगृह तीन महिने देत नाही, तरी आकडा तोच येऊ शकतो. वसुलीचा फोन मात्र एकालाच करायचा असतो.

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना व सेवा पुरवणाऱ्यांना २००६ च्या कायद्याचा आधार आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. म्हणून ४५ दिवसांची रेघ वहीत मारून ठेवणे उपयोगी पडते.

जोडीचा आकडा

आकडा एकटा ठेवला की लोक त्याला खूश ठेवायला शिकतात. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी चलनविषयक धोरणाबाबत १९७५ मध्ये असेच निरीक्षण मांडले होते: नियंत्रणासाठी एखाद्या आकड्यावर दाब आणला की त्याच्यावर विसंबता येत नाही. केंद्रात हे असे घडते: कच्चा माल ३३ टक्क्यांवर आणा म्हटले की भाजीची वाटी लहान होते, शेंगदाण्याचे कूट कमी होते, आमटी पातळ होते. महिनाभर टक्केवारी सुंदर येते.

म्हणून चौथा निर्देशक ग्राहकाच्या बाजूचा हवा. महिन्याच्या पहिल्या तारखेला जे ६० डबे चालू होते, त्यांतले शेवटच्या तारखेला किती टिकले? नवे आलेले यात धरायचे नाहीत. ६० चे ६२ झाले असे ऐकायला बरे वाटते, पण १४ गेले आणि १६ नवे आले असतील तर स्वयंपाकघरात काहीतरी बिनसले आहे. डबा बंद करणाऱ्याला कारण विचारून एका शब्दात लिहावे: बदली, चव, उशीर, भाव. काउंटरवरच्या ग्राहकाचे असे मोजमाप जमत नाही. त्यासाठी नावे-नंबर गोळा करण्याच्या भानगडीत न पडलेले बरे.

कधी मोजायचे, कशाशी ताडायचे

उरलेली भाजी आणि विक्री रोज, येणी आठवड्याला, बाकीचे महिन्याला एवढे पुरते. शिल्लक माल महिन्याच्या शेवटच्या रात्री, दुकान बंद झाल्यावर, एकाच माणसाने मोजावा. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा माल आल्यावर मोजला तर टक्केवारी खोटीच निघते. अंदाजाने ‘अर्धे पोते’ लिहिणेही तसेच. चालू पोत्यातले दहा किलो पीठ चुकले तर फरक चारशेचा, पण तेलाचा भरलेला डबा मोजायचा राहिला तर तो हजारांत जातो.

तुलना करताना सोमवार सोमवाराशी लावावा. आषाढी एकादशी, संकष्टी आणि श्रावणी सोमवार या दिवशी पोळ्यांची मागणी उतरते आणि साबुदाण्याची चढते. कच्च्या मालाचे प्रमाणही त्या दिवशी वेगळे येते. दिवाळीत वसतिगृह रिकामे असते. हे महिने गेल्या वर्षीच्या त्याच काळाशी ताडावेत, पण तारखेने नव्हे, तिथीने. अधिक मास येऊन गेला की त्यानंतरचा श्रावण किंवा दिवाळी आदल्या वर्षापेक्षा सुमारे १९ दिवस पुढे सरकते, आणि ऑगस्टची तुलना ऑगस्टशी केली तर उगाच घाबरायला होते.