एकाच संकेतस्थळाची कॅश आणि कुकी पुसण्यामागची पार्श्वभूमी

संकेतस्थळ अद्ययावत झाल्यावरही जुनेच पान दिसत राहिले, तर ‘कॅश आणि कुकी पुसा’ असा सल्ला एका दमात दिला जातो. प्रत्यक्षात या दोन गोष्टींचा जन्म वेगळा आहे आणि कामही वेगळे आहे. कॅश म्हणजे ब्राउझरने स्वतःजवळ साठवलेल्या फाइलींच्या प्रती, तर कुकी म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. कुकी १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीत काम करणाऱ्या लू माँटुली यांनी आणली. सर्व्हरला तोच वाचक पुन्हा ओळखता यावा, एवढ्यासाठी ती होती. तिच्यात पानाची प्रत साठवलेली नसते. जुनी मांडणी निवडल्याची नोंद कुकीत राहिली, तर सर्व्हर तीच मांडणी पाठवत राहील; एरवी शिळ्या पानाचा दोष कॅशकडेच जातो.

कॅशचे सविस्तर नियम जानेवारी १९९७ मध्ये, ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाचे नियम ठरवणाऱ्या एचटीटीपी १.१ या दस्तऐवजाबरोबर आले. फाइल किती काळ ताजी मानायची हे सर्व्हरने सांगावे, अशी अपेक्षा होती. सर्व्हरने काहीच सांगितले नाही, तर ब्राउझरने अंदाज बांधावा आणि फाइल शेवटची बदलून जितका काळ लोटला असेल त्याच्या सुमारे १० टक्के काळ ती ताजी धरावी, असे त्या दस्तऐवजात सुचवले होते. बहुतेक तक्रारींचे मूळ या अंदाजात आहे, असे माझे मत आहे.

समजा, इंदूरच्या एखाद्या मराठी वाचनालयाच्या पानावर वेळांचा तक्ता `velapatrak.jpg` या चित्राच्या रूपात आहे. चित्र १ जूननंतर बदललेले नाही आणि सर्व्हर मुदत सांगत नाही. राजवाड्याजवळ राहणाऱ्या एका वाचकाने ते ९ सप्टेंबरला, म्हणजे १०० दिवसांनी, पाहिले. तेव्हा त्याचा ब्राउझर ते सुमारे १० दिवस, १९ सप्टेंबरपर्यंत, सर्व्हरला न विचारता दाखवू शकतो. १० सप्टेंबरला वाचनालयाने त्याच नावाने नवे चित्र चढवले आणि वर ‘सुधारित वेळा’ असा मथळाही दिला. वाचकाने पान रिलोड केले, तर मथळा नवा आणि तक्ता जुना, असे विचित्र दृश्य दिसू शकते, कारण साधे रिलोड केल्यावर क्रोम मुख्य पानाचीच सर्व्हरकडे फेरतपासणी करतो आणि आतील चित्रे मुदतीत असतील तर कॅशमधूनच घेतो. हा बदल क्रोमने जानेवारी २०१७ मध्ये वेग वाढवण्याच्या कारणाने जाहीर केला होता.

येथे काहीच पुसण्याची गरज नसते. चित्र वेगळ्या टॅबमध्ये उघडून रिलोड करावे किंवा मूळ पानावर `Ctrl+Shift+R` दाबावे. पानाबरोबर येणाऱ्या फाइली नव्याने मागवल्या जातात. त्याआधी पान खासगी खिडकीत उघडून पाहावे. तेथेही जुनेच दिसले, तर दोष बहुधा सर्व्हरकडे किंवा सर्व्हर आणि ब्राउझर यांच्या मधल्या एखाद्या साठ्याकडे असतो आणि आपल्या ब्राउझरमध्ये काहीही पुसून उपयोग होत नाही.

जानेवारी २०१५ मध्ये क्रोममध्ये सर्व्हिस वर्कर आले आणि प्रश्न अवघड झाला. संकेतस्थळाचीच ही छोटी आज्ञावली ब्राउझरमध्ये राहते, स्वतःचा साठा ठेवते आणि मागणी सर्व्हरकडे जाण्याआधीच उत्तर देऊ शकते. तिची खूण सोपी आहे: `Ctrl+Shift+R` दाबल्यावर नवे पान येते, पण टॅब बंद करून पुन्हा उघडताच जुने परत येते. सक्तीचे रिलोड तिला तेवढ्यापुरते बाजूला ठेवते, काढून टाकत नाही. अशा वेळी मात्र त्या एका संकेतस्थळाचा साठा पुसणे हाच नेमका इलाज आहे. क्रोममध्ये पत्त्याच्या डावीकडील चिन्हातून कुकी आणि साइट डेटाच्या यादीत जाऊन त्या नावापुढील कचरापेटीवर क्लिक करावे; फायरफॉक्समध्ये कुलपाच्या चिन्हाखाली तशीच सोय आहे. याउलट, क्रोममधील ब्राउझिंग डेटा पुसण्याच्या नेहमीच्या चौकटीत कॅशसाठी कालावधी निवडता येतो, संकेतस्थळ निवडता येत नाही. म्हणून तेथे गेलेला माणूस सगळ्याच संकेतस्थळांची कॅश गमावतो आणि कुकी पुसण्याच्या पर्यायापुढील बरोबरची खूण तशीच राहिली, तर बँकेपासून ईमेलपर्यंत अनेक ठिकाणी लॉगआउट होऊन बसतो. एकाच संकेतस्थळाचा डेटा पुसला, तरी तेथले लॉगिन आणि ब्राउझरमध्ये जपलेला अर्धवट अर्ज जातोच. तो आधी उतरवून घ्यावा.

संकेतस्थळ चालवणाऱ्यांनाही २०१७ पासून, क्रोम ६१ पासून, वाचकाच्या ब्राउझरमधील आपलाच साठा पुसण्याची सूचना पाठवता येते:

```
Clear-Site-Data: "cache", "storage"
```

अर्थात, ही सूचना सर्व्हरच्या उत्तरासोबतच पोहोचते. ज्या ब्राउझरने सर्व्हरला विचारलेच नाही, त्याला ती कळणार नाही. म्हणून फाइल बदलली की नावही बदलण्याची, जसे `velapatrak-2.jpg`, जुनी पद्धत अजून टिकून आहे. मात्र ज्या मुख्य पानात हे नवे नाव लिहिलेले असते, त्यासाठी सर्व्हरने `Cache-Control: no-cache` पाठवावे लागते, म्हणजे ब्राउझर ते पान दर वेळी सर्व्हरकडे पडताळून घेतो.