चीनच्या दोन सणांच्या तारखा, आणि १९७८ साली हाँगकाँगमध्ये मिड ऑटम एक दिवस आधी का आला

२०२५ मध्ये कोजागिरी ६ ऑक्टोबरला होती आणि चीनचा मिड ऑटम फेस्टिव्हल, म्हणजे मूनकेकवाला चंद्राचा सण, तोही नेमका ६ ऑक्टोबरलाच. त्यामुळे बऱ्याच लोकांना वाटलं की ही चिनी कोजागिरीच आहे. पण आदल्या वर्षी, २०२४ ला, तो १७ सप्टेंबरला होता, म्हणजे आपल्याकडे अनंत चतुर्दशी, विसर्जनाच्या मिरवणुका चालू होत्या त्या दिवशी. चंद्र एकच, पौर्णिमा पण त्याच, तरी कधी कोजागिरीशी जुळतो आणि कधी एक महिना आधी येतो. हे असं का होतं ते समजून घ्यायचं तर या तारखा ठरवण्याचा इतिहासच बघावा लागतो, आणि तो खरंच भारी आहे.

वरवर नियम सोपा आहे. ड्रॅगन बोट फेस्टिव्हल, म्हणजे होड्यांच्या शर्यतींचा सण, पाचव्या चांद्र महिन्याच्या पाचव्या दिवशी, मिड ऑटम आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी. महिना अमावास्येला सुरू होतो, म्हणजे ज्या दिवशी चंद्र-सूर्याची युती होते तोच दिवस पहिला. आपल्यासारखी सूर्योदयाची तिथी बघायची भानगड नाही, दिवस मध्यरात्री बदलतो, आणि घड्याळ फक्त चीनचं. मुंबई आणि न्यू जर्सीच्या पंचांगात गणेश चतुर्थी कधीकधी वेगवेगळ्या दिवशी येते तसं तिथे होत नाही, सॅन फ्रान्सिस्कोतला चिनी माणूसपण बीजिंगच्याच कॅलेंडरने मूनकेक कापतो.

खरी गंमत महिन्याच्या नंबरात आहे. पाचवा महिना कुठला ते चंद्र सांगत नाही, सूर्य सांगतो. सूर्याच्या वर्षाच्या वाटेवर बारा मुख्य टप्पे मानलेत, आपल्या बारा संक्रांतीच म्हणा, फक्त आपल्या निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेल्या, आणि त्यांच्या सायन, म्हणजे ऋतूंवरून मोजलेल्या, त्यामुळे त्या आपल्यापेक्षा साधारण चोवीस दिवस आधी येतात. ज्या महिन्यात २१ जूनच्या आसपासचा सर्वात मोठा दिवस येतो तो पाचवा, ज्यात २३ सप्टेंबरच्या आसपास दिवस-रात्र सारखी होते तो आठवा. म्हणून ड्रॅगन बोट मे महिन्याच्या अखेरीपासून २५ जूनच्या आसपासपर्यंत कुठेही येतो, आणि मिड ऑटम सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. ज्या महिन्यात असा एकही टप्पा पडत नाही तो अधिक. तत्त्व आपल्या अधिक महिन्याचंच आहे, पण संक्रांतीच वेगळ्या दिवशी म्हटल्यावर अधिक महिनेही वेगळे येतात. आपल्याकडे २०२३ ला अधिक श्रावण आला, तर चीनमध्ये २०२३ ला अधिक दुसरा आणि २०२५ ला अधिक सहावा. कोजागिरी आणि मिड ऑटम २०२५ ला एकत्र आले ते त्या अधिक सहाव्यामुळे.

हा अधिक सहावा जवळून बघण्यासारखा आहे. तो २५ जुलैला सुरू झाला. त्याच्या आधीचा सूर्याचा टप्पा २२ जुलैला होऊन गेला होता आणि पुढचा २३ ऑगस्टला, बीजिंगच्या घड्याळाने पहाटे साडेचारच्या सुमारास. अमावास्येची युती त्याच दिवशी दुपारी दोनच्या सुमारास. आता क्षण बघितला तर सूर्याचा टप्पा युतीच्या आधी झाला, म्हणजे तो जुन्या महिन्यात गेला पाहिजे. आपलं पंचांग तसंच करेल. पण चिनी नियम क्षण नाही, दिवस बघतो, आणि २३ ऑगस्ट हा अख्खा दिवस नव्या महिन्याचा पहिला दिवस, म्हणून टप्पापण नव्या महिन्याचा, आणि जुना महिना रिकामा राहून अधिक ठरला. त्या वर्षी ड्रॅगन बोट ३१ मे आणि मिड ऑटम ६ ऑक्टोबर, मध्ये १२८ दिवस. एरवी हे अंतर शंभराच्या आतलं असतं, २०२४ ला ९९ होतं.

आता मागे जाऊ. ड्रॅगन बोट मुळात पाचवीचा सण होता असं नाही. जुन्या काळात पाचव्या महिन्यातला पहिला ‘घोड्याचा दिवस’ धरायचे, दिवसांच्या बाराच्या चक्रातला, आणि तो कितव्या तारखेला येईल ते दरवर्षी बदलायचं. पुढे तो पाचवीला पक्का झाला, पाच-पाच हा आकडा लक्षात राहायलाही सोपा. पाचवा महिना तेव्हा वाईट मानायचे, उकाडा, विषारी किडे, आजारपण. सीमा च्येनच्या इतिहासग्रंथात मंगछांग नावाच्या सरदाराची गोष्ट आहे, तो पाचव्या महिन्याच्या पाचवीला जन्मला म्हणून बापाने त्याला वाढवूच नका असं सांगितलं होतं, आईने गुपचूप वाढवला. कवी छ्यू युआनने मिलुओ नदीत जीव दिला आणि लोक होड्या घेऊन त्याला शोधायला धावले ही कथा आज सगळीकडे सांगतात, पण या तारखेशी त्याचं नाव जोडणारे लेख त्याच्या मृत्यूनंतर कित्येक शतकांनी सापडतात. म्हणजे तारीख आधीची, कवी नंतर आला. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण बहुतेक ठिकाणी उलटं सांगितलं जातं.

मिड ऑटमचं मूळ राजदरबारातल्या चंद्रपूजेत आहे, ती शरद संपाताच्या, म्हणजे सप्टेंबरात दिवस-रात्र सारखी होते त्या दिवसाच्या, संध्याकाळी व्हायची. पण त्या दिवशी चंद्र पूर्ण असेलच असं नाही, अर्धा असू शकतो, अमावास्याही असू शकते. लोकांनी मग त्याच हंगामातली पंधरावी धरली. तांग काळात चंद्र बघत कविता करायचं वेड होतं, आणि सोंग काळापर्यंत तो बाजार गजबजवणारा सण झाला.

इथपर्यंत ठीक. पण ‘महिन्याचा पहिला दिवस’ म्हणजे नक्की कोणता, हे दोन हजार वर्षं बदलत आलंय. हान सम्राट वूच्या काळात, इ.स.पू. १०४ मध्ये, टप्पा नसलेला महिना अधिक हा नियम पक्का झाला. पण तेव्हा चंद्राची सरासरी गती धरायचे, त्यामुळे अमावास्या कॅलेंडरवर एक आणि आकाशात एक असं व्हायचं. आठव्या महिन्याची सुरुवातच एक दिवस चुकली तर पंधरावीपण एक दिवस सरकणार. इ.स. ६१९ मध्ये खरी युती धरायचा प्रयत्न झाला, पण मग सलग चार महिने तीस दिवसांचे येतात म्हणून लोक बिथरले आणि ते मागे घेतलं गेलं. ६६५ मध्ये ली छुनफंगच्या कॅलेंडरने खरी युती कायमची आणली. मग १६४५ मध्ये जेझुइट पाद्री अ‍ॅडम शाल याच्या पुढाकाराने सूर्याचीही खरी गती धरायला लागले, आधी वर्षाचे सारखे भाग पाडायचे. हिवाळ्यात सूर्य जरा जोरात चालतो, टप्पे जवळजवळ येतात, आणि एका महिन्यात दोन टप्पे पडायची शक्यता तयार झाली. हे पुढे लागणार आहे.

शेवटचा बदल घड्याळाचा. १९२९ पर्यंत हिशोब बीजिंगच्या स्थानिक वेळेने व्हायचा, म्हणजे ११६ अंश २५ कला पूर्व. नंतर १२० अंशांची प्रमाणवेळ आली. फरक साडेतीन अंशांहून जरा जास्त, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे चौदा मिनिटं आणि वर काही सेकंद. पण हाँगकाँगमध्ये घरोघरी वापरली जाणारी काही खाजगी पंचांगं जुन्याच वेळेने चालू राहिली, आणि पन्नास वर्षं कुणाला फारसा त्रास झाला नाही, कारण चौदा मिनिटांनी दिवस बदलायचा तर युती मध्यरात्रीच्या अगदी तोंडावरच पडायला हवी.

१९७८ ला ती पडली. आठव्या महिन्याची युती प्रमाणवेळेने ३ सप्टेंबरला, मध्यरात्र उलटून दहा मिनिटंही झाली नव्हती तेव्हा. त्यातून चौदा मिनिटं वजा करा, जुन्या बीजिंग वेळेने ती २ सप्टेंबरच्या रात्री बाराच्या आत गेली. म्हणजे चीनचं अधिकृत कॅलेंडर काढणाऱ्या नानजिंगच्या पर्पल माउंटन वेधशाळेच्या हिशोबाने महिना ३ तारखेपासून आणि मिड ऑटम १७ सप्टेंबरला, तर जुन्या पंचांगांच्या हिशोबाने महिना २ पासून आणि सण १६ ला. हाँगकाँगच्या लोकांनी १६ ला साजरा केला, मुख्य भूमीवर १७ ला. आकाशाने कुणाची बाजू घेतली म्हणाल तर १६ आणि १७ च्या मधल्या रात्री, तिथल्या पहाटे तीनच्या सुमारास पौर्णिमेचा क्षण होता आणि त्याच वेळी खग्रास चंद्रग्रहणही होतं. म्हणजे जुन्या पंचांगाने सण केलेल्यांनाच जास्त पूर्ण चंद्र मिळाला! पण नियमाने हा मुद्दाच येत नाही, कारण पौर्णिमा कधी हे कॅलेंडर बघतच नाही, फक्त अमावास्येपासून मोजतं. पंधरावीचा चंद्र सोळावीला पूर्ण होतो अशी म्हणच चीनमध्ये आहे, आणि २०२५ लासुद्धा पौर्णिमेचा क्षण ७ ऑक्टोबरला, तिथल्या दुपारी बाराच्या जरा आधी होता.

असाच पण मोठा घोळ २०३३ च्या तारखेत सापडला, आणि तो एका दिवसाचा नाही, पूर्ण महिन्याचा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत छापलेल्या आगाऊ कॅलेंडरांत त्या वर्षी सातव्यानंतर अधिक महिना होता, कारण २५ ऑगस्ट ते २२ सप्टेंबर या महिन्यात सूर्याचा टप्पा नाही, तो २३ ला पडतो. त्या हिशोबाने मिड ऑटम ७ ऑक्टोबरला. पण नियमाचा पहिला भाग विसरला गेला होता. आधी डिसेंबरमधल्या सर्वात छोट्या दिवसाचा महिना अकरावा धरायचा, मग दोन अकराव्यांच्या मध्ये बाराऐवजी तेरा महिने बसत असतील तरच अधिक शोधायचा. २०३२ चा अकरावा ते २०३३ चा अकरावा मोजलं तर बाराच बसतात, कारण २०३३ च्या अकराव्यात दोन टप्पे पडतात, नोव्हेंबरच्या अखेरचा आणि डिसेंबरचा, म्हणजे तीच १६४५ ची देणगी. त्यामुळे तो रिकामा महिना अधिक नाही, साधा आठवाच, आणि अधिक महिना अकराव्यानंतर जातो. चीनने कॅलेंडरचा हिशोब २०१७ मध्ये राष्ट्रीय मानक म्हणून लिहून काढलाय, त्यात हीच पद्धत आहे. तर २०३३ चा मिड ऑटम ८ सप्टेंबरला. जुनं शंभर वर्षांचं कॅलेंडर कुणाच्या घरात असेल तर २०३३ चं पान नक्की तपासा, त्यात ७ ऑक्टोबर असेल तर ते या दुरुस्तीच्या आधीचं आहे.