रेंज नाही, तर फोन तापतो कशाला?

कणकुंबीला आत्याकडे मुक्कामाला गेलं की फोनची बॅटरी सकाळपर्यंत निम्म्यावर येते. "रेंज नाही, बोलणं नाही, मग हा तापतो कशाला रे?" असं आत्याने विचारलं, आणि प्रश्न अगदी योग्य होता.

रेंज नसली की फोन गप्प बसत नाही, सतत टॉवर शोधत राहतो. डोंगराआडून क्षीण सिग्नल मिळालाच, तर तिथवर पोचण्यासाठी आवाज चढवतो, म्हणजे जास्त ताकदीने सिग्नल पाठवतो. फोरजीत ही ताकद साधारण 0.2 वॅटपर्यंत जाते, जुन्या टूजीत तर 2 वॅटपर्यंत. टॉवर जवळ असेल तर याच्या अगदी थोड्या अंशात काम भागतं, म्हणून बेळगाव शहरात तोच फोन गार असतो.

एअरप्लेन मोड मुख्यतः हाच टॉवरशी बोलणारा रेडिओ बंद करतो. त्याच्यासोबत वाय-फाय आणि ब्लूटूथही बहुतेक फोनांत बंद होतात, पण ते कुलूपबंद होत नाहीत. जीपीएस उपग्रहांचं नुसतं ऐकतो, काही पाठवत नाही, म्हणून तो सहसा चालूच राहतो. नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर चोर्ला घाटातही आपण कुठे आहोत ते दिसतं.

आत्याच्या घरी फायबरचं वाय-फाय आहे. म्हणून आधी एअरप्लेन मोड लावला आणि मग वाय-फायचं बटण दाबलं. क्रम महत्त्वाचा, कारण उलटं केलं तर मोड वाय-फायलाही झोपवतो. विमानाच्या चिन्हाशेजारी वाय-फायचा पंखा दिसला की जमलं. ब्लूटूथचंही तसंच. नव्या अँड्रॉइडमध्ये हेडफोन जोडलेला असेल तर ते बंदच होत नाही. आणि आयफोन आपण मोडमध्ये काय चालू केलं होतं ते पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवतो. राउटर शेजारच्या खोलीत असल्याने फोनला ओरडावं लागत नाही.

मग साधा फोन कसा येणार? त्यासाठी सेटिंगमध्ये `Wi-Fi Calling` चालू हवं, आणि फोन व सिमकंपनी दोघांनीही ते दिलेलं हवं. भारतात ही सोय 2019 च्या अखेरीस सुरू झाली. चालू असेल तर टॉवरशिवाय, आपल्याच नंबरवर, वाय-फायवरून कॉल येतो. खात्री करायची तर मोड लावून शेजारच्या फोनवरून स्वतःला कॉल करून बघावा. आम्ही केला, वाजला. बँकेचा ओटीपी मात्र वाय-फायवरून प्रत्येक वेळी येईलच असं नाही. अडला तर मोड काढून अंगणाच्या कोपऱ्यात जायचं, जिथे एखादी काडी सापडते.

एक अडचण उरते. पावसात लाइट गेली की राउटर बंद, आणि मोड लावलेला फोन मुका. त्यामुळे आत्या आता लाइट गेली की पहिल्यांदा मेणबत्ती लावते आणि मग विमानाचं बटण काढते.