नमुना वाटायचा कसा?

“गावात ८० टक्के कोरडवाहू शेतकरी असतील, तर नमुन्यातही ८० टक्केच घ्यायचे ना? नाहीतर सर्व्हे एकांगी होतो.”

एकांगी होत नाही. प्रमाणशीर वाटणी चुकीची नाही, पण सर्वांत अचूक तीच, हा समज मात्र खोटा.

समजा खान्देशातल्या एका तालुक्यात ८००० कोरडवाहू आणि २००० बागायती कापूस उत्पादक आहेत. एकरी उताऱ्याचं प्रमाण विचलन, म्हणजे उतारे सरासरीपासून साधारण किती पसरलेत याचं माप, कोरडवाहूत १ क्विंटल, बागायतीत ४. कोणाचं ठिबक शेवटपर्यंत चालतं, कोणाची विहीर मध्येच आटते, म्हणून बागायतीत इतका फरक. भेटायचंय फक्त १०० जणांना.

संख्याशास्त्रज्ञ जर्झी नेमन यांनी १९३४ मध्ये मांडलेला नियम असा: गटाची संख्या गुणिले त्याचं विचलन, त्या प्रमाणात वाटा. इथे दोन्हीकडे ८००० येतात, म्हणजे ५०-५०. सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्यावरून काढलेली सरासरी खऱ्या सरासरीपासून साधारण किती हुकते ते, ८०-२० वाटणीत ०.२० क्विंटल, ५०-५० मध्ये ०.१६. प्रमाणशीर वाटणीने तेवढी अचूकता हवी असेल, तर सुमारे १५७ शेतकरी गाठावे लागतील.

घोळ होतो तो नंतर. गटांची सरासरी ४ आणि ९ क्विंटल आली, तर शंभर जणांची सरळ सरासरी ६.५ निघते आणि ती चूक. भार लोकसंख्येचेच लावायचे: ०.८×४ + ०.२×९ = ५.

विचलनाचा अंदाज आधीच्या छोट्या पाहणीतून घ्यावा लागतो. तो साफ चुकला, तर ही वाटणी प्रमाणशीरपेक्षाही वाईट ठरू शकते. विचलनं सारखी असतील, तर दोन्ही वाटण्या एकच.