ढोल थांबल्यावर कानात काय वाजतं?

अनंत चतुर्दशीची मिरवणूक संपते, पथकातली पोरं घरी येतात आणि अंथरुणाला पाठ टेकली की कानात बारीक 'कुंईं' सुरू होतं. बहुतेकांचं एक-दोन दिवसांत थांबतं. ज्यांचं थांबत नाही, त्यांना घरातून हमखास सल्ला मिळतो: लसणीचं तेल कोमट करून कानात घाल. हे तेल पडद्यापाशीच थांबतं. बिघाड त्याच्या पलीकडे, हाडात दडलेल्या गोगलगायीच्या आकाराच्या शंखात, म्हणजे कॉक्लियात झालेला असतो. पडदा फाटलेला असेल तर तेल आत जातं, पण तेव्हा ते अपायच करतं.

कॉक्लियात साधारण अडीच वेटोळी असतात. तोंडाशी उंच पट्टीचे आवाज ओळखले जातात, टोकाशी खर्जातले. आत केसाळ पेशींच्या रांगा असतात. बाहेरच्या रांगांतल्या सुमारे 12 हजार पेशी आवाज वाढवून देतात आणि आतल्या रांगेतल्या सुमारे साडेतीन हजार पेशी तो श्रवण मज्जातंतूकडे सोपवतात. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

आता समजा, दोन-तीन वर्षं ताशा वाजवणाऱ्या चोवीस वर्षांच्या मुलाच्या कानातली शिट्टी थांबत नाही. त्याचा ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती मोठा झाल्यावर ऐकू येतो याचा आलेख, काढला तर बहुतेक पट्ट्यांवर तो 10-15 डेसिबलला ऐकतो, पण 4000 हर्ट्झला त्याला 40 डेसिबल लागतात. आलेखात तिथे खाच दिसते. खाच तिथेच का? कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती 3000 हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप फुगवते. मोठ्या आवाजाची इजा त्याच्या थोडी वर उमटते. या मुलाला शिट्टीशी जुळणारा स्वर शोधायला सांगितलं, तर तो बहुधा या खाचेच्या आसपासचाच निघतो. म्हणजे जी पट्टी नीट ऐकू येत नाही, नेमकी तीच वाजते.

मजा इथेच आहे. कॉक्लियाकडून निघालेला संदेश आधी मेंदूच्या खोडात, कॉक्लियर न्यूक्लियस नावाच्या पहिल्या ठाण्यावर येतो. पुढे एका ठाण्यावर दोन्ही कानांची तुलना होते, मग मध्यमेंदू, थॅलॅमस आणि शेवटी कानशिलामागच्या भागातलं, मेंदूच्या बाहेरच्या थरातलं ऐकण्याचं केंद्र. शांततेतही या वाटेवर पेशी थोड्याफार स्वतःहून स्पंदत असतात, पण ती कुजबुज आपल्याला ऐकू येत नाही, कारण दाबणाऱ्या पेशी तिला आवरतात. खालून एखाद्या पट्टीचा संदेश कमी झाला की वरची ठाणी दाब सैल करतात आणि येणारा संदेश जास्त वाढवून घेतात. स्टेशन नीट लागत नसलेल्या रेडिओचा आवाज मोठा केला की खरखरही मोठी होते, तसं इथे होतं. स्वतःचीच कुजबुज मोठी होऊन ऐकू येते, तेही अनेक पेशी एका ठेक्यात स्पंदू लागल्या की जास्तच.

2012 मध्ये एक साधा प्रयोग झाला. चांगलं ऐकणाऱ्या 18 जणांनी एका कानात आठवडाभर बोळा ठेवला. त्यांपैकी 14 जणांना नसलेले आवाज ऐकू आले आणि बोळा काढल्यावर ते गेले. उलट बाजूने पाहा: शस्त्रक्रियेत श्रवण मज्जातंतू कापलेल्या अनेक रुग्णांची शिट्टी तरीही चालूच राहते.

पण ऑडिओग्राम अगदी स्वच्छ असूनही कान वाजतात, त्याचं काय? 2009 मध्ये उंदरांवर असं दिसलं की मोठ्या आवाजानंतर ऐकू येण्याची क्षमता परत येते, केसाळ पेशीही शाबूत राहतात, पण त्यांचे मज्जातंतूशी असलेले निम्म्यापर्यंत सांधे कायमचे तुटू शकतात. ऑडिओग्राम सर्वांत बारीक आवाज कुठे ऐकू येतो एवढंच विचारतो, म्हणून हे नुकसान त्यात दिसत नाही. गर्दीच्या हॉटेलात समोरच्याचं बोलणं कळत नाही, ही तक्रार मात्र असू शकते. माणसात याचा पुरावा अजून अप्रत्यक्ष आहे. शिवाय बहिरेपण असूनही अनेकांचे कान वाजत नाहीत, याचं उत्तर या 'वाढीच्या' सिद्धांतात पूर्ण नाही. लक्ष आणि भीती यांची केंद्रंही यात गुंतलेली दिसतात.

त्यामुळे 'नसा मोकळ्या करणाऱ्या' कॅप्सूलवर पैसे घालवू नयेत. कान कमी ऐकत असेल तर श्रवणयंत्राने अनेकांना आराम पडतो, कारण कमी पडलेला संदेश थोडा भरून निघतो. रात्री पंख्याचा किंवा पावसाचा हलका आवाज चालू ठेवला, तर शिट्टी आणि शांतता यांतला फरक बोथट होतो. वादकांनी फोमचे बोळे नीट पिळून, कान मागे-वर ओढून आत बसवावेत. ताशाचे 100 डेसिबल कानावर पडत असतील, तर सुरक्षित मुदत जेमतेम 15 मिनिटांची असते. दर 3 डेसिबलला ती निम्मी होते.

मात्र आवाज नाडीच्या ठेक्यात येत असेल, एकाच कानात असेल किंवा चक्करही येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना लवकर दाखवावं. एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं, तर त्याच दिवशी जावं, कारण त्यावरची स्टेरॉइड्स सुरुवातीच्या काही दिवसांतच नीट लागू पडतात.