शाश्वत विकासाचे तीन स्तंभ आणि गोव्यातील २ कोटी टनांची मर्यादा : एक पार्श्वभूमी

भावी पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणारा विकास, ही शाश्वत विकासाची ब्रुंटलँड आयोगाच्या १९८७ च्या अहवालातील व्याख्या त्या विषयावर निबंध लिहिणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. त्या अहवालात तीन स्तंभ मात्र नव्हते. व्याख्येला लागूनच त्यात दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली, गरजा म्हणजे मुख्यतः गरिबांच्या गरजा आणि त्यांना अग्रक्रम द्यायचा. दुसरी, तंत्रज्ञान आणि समाजरचना यांच्यामुळे निसर्गाच्या क्षमतेला मर्यादा पडतात. म्हणजे मूळ मांडणीत कोणाचे आधी पाहायचे हे ठरलेले होते. आर्थिक विकास, सामाजिक विकास आणि पर्यावरणाचे रक्षण हे ‘परस्परावलंबी आणि परस्परांना बळ देणारे स्तंभ’ असल्याची भाषा २००२ च्या जोहान्सबर्ग परिषदेच्या जाहीरनाम्यात आली. तीन स्तंभ शेजारीशेजारी उभे राहिले आणि अग्रक्रम मागे पडला. २०१५ मध्ये सतरा उद्दिष्टे ठरली, तेव्हाही ती अविभाज्य आहेत आणि तिन्ही अंगांचा समतोल साधतात, एवढेच म्हटले गेले. स्तंभ एकमेकांना बळ देण्याऐवजी एकमेकांच्या मुळावर उठले तर काय करायचे, याचे उत्तर या दस्तऐवजांत मिळत नाही.

भारतात हे उत्तर बहुतेक वेळा न्यायालयांतून आले. तामिळनाडूतील चामड्याच्या कारखान्यांचे सांडपाणी पालार नदीच्या खोऱ्यातील शेती आणि विहिरी नासवत होते. त्या प्रकरणात १९९६ मध्ये दोन तत्त्वे देशाच्या कायद्याचा भाग मानली गेली : धोक्याचा पक्का पुरावा हाती येण्याची वाट न पाहता खबरदारी घ्यावी आणि प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी. पुढच्या अनेक निकालांनी त्यांचा आधार घेतला. ही तत्त्वे घाण करणाऱ्या उद्योगासाठी पुरेशी होती, कारण घाण थांबवता येते आणि निदान तत्त्वतः साफही करता येते. जमिनीतून काढलेले खनिज परत येत नाही. तो प्रश्न गोव्यातील लोहखनिजाने समोर आणला, आणि तीन स्तंभांवर लिहिणाऱ्याला याहून चांगले उदाहरण जवळपास सापडणे कठीण आहे.

पोर्तुगीज राजवटीत दिलेल्या खाणींच्या सवलती कायमस्वरूपी होत्या. १९५० च्या दशकात जपानकडे निर्यात वाढली. मुक्तीनंतरही त्या सवलती जुन्याच स्वरूपात राहिल्या आणि १९८७ च्या कायद्याने त्यांचे भाडेपट्टे झाले. गोव्याचे बरेचसे खनिज कमी प्रतीचे असल्यामुळे देशातील पोलाद कारखान्यांत त्याला फारसे गिऱ्हाईक नव्हते. चीनची मागणी वाढली तेव्हा हेच खनिज एकाएकी मोलाचे ठरले आणि २०१०-११ च्या सुमारास निर्यात, शेजारच्या राज्यातून आलेला माल धरून, ५ कोटी टनांच्या घरात गेली.

हे आकडे डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि केपे या तालुक्यांत कसे दिसत होते, ते निबंधात एकदा तरी यायला हवे. गोव्यात खाण उघडी असते. एक टन खनिज मिळवायला साधारण अडीच ते तीन टन माती आणि दगड उपसावे लागतात. ही उपसलेली माती, म्हणजे तिथल्या बोलीतले ‘रिजेक्शन’, खाणीशेजारी टेकडीसारखी रचली जाते आणि पावसाळ्यात तिचा लाल गाळ खालच्या भातशेतीत उतरतो. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की काम चालू ठेवण्यासाठी पाणी सतत उपसावे लागते आणि आसपासच्या विहिरी आणि झरे आटू लागतात आणि त्यांवर जगणारी कुळागरे, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, सुकू लागतात. खनिज ट्रकांनी नदीकाठच्या धक्क्यापर्यंत आणि तिथून बार्जमधून मांडवी-झुवारीच्या मार्गाने मुरगाव बंदरात जाते. ज्या रस्त्याने हे ट्रक जातात त्या रस्त्यावरच्या घरांत धूळ असते, आणि त्याच घरांपैकी काहींच्या दारात कर्ज काढून घेतलेला ट्रकही उभा असतो. म्हणूनच ‘पर्यावरण विरुद्ध रोजगार’ अशी सरळ फाळणी इथे टिकत नाही : सामाजिक स्तंभाच्या आतच दोन बाजू आहेत आणि पुष्कळदा त्या एकाच कुटुंबात आहेत.

२०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये राज्य, केंद्र आणि सर्वोच्च न्यायालय या तिन्ही पातळ्यांवरून खाणकाम थांबले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने ठरवले की भाडेपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती आणि त्यानंतरचे उत्खनन बेकायदा होते. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणीसाठी पट्टा देता येणार नाही, असेही त्यात आहे. परंतु शाश्वत विकासाच्या दृष्टीने त्या निकालातील दोन आदेश सर्वांत महत्त्वाचे आहेत. तज्ज्ञ समितीचा अंतिम अहवाल येईपर्यंत राज्यात वर्षाला २ कोटी टनांहून जास्त उत्खनन होऊ नये, हा पहिला. विक्रीच्या रकमेतील दहा टक्के वाटा शाश्वत विकास आणि पिढ्यांमधील न्याय यांसाठी एका कायमस्वरूपी निधीत टाकावा, हा दुसरा.

बहुतेक लेखांत हे दोन आदेश एकाच दमात सांगितले जातात, तिथेच घोटाळा होतो. ते दोन वेगळ्या संघर्षांची उत्तरे आहेत. समजा, एखाद्या पट्ट्यात एकूण ४० कोटी टन खनिज आहे. वर्षाला ४ कोटी टन काढले तर ते दहा वर्षांत संपेल आणि २ कोटी टन काढले तर वीस वर्षांत. मर्यादेमुळे संपण्याची तारीख पुढे गेली, पण जमिनीतून जाणारे खनिज तेवढेच राहिले. मग मर्यादेने काय साधले? वर्षाला किती ट्रक रस्त्यावर येतील, किती पाणी उपसले जाईल, किती माती टेकडीवर पडेल, हे कमी झाले. म्हणजे आजच्या उत्पन्नाचा काही भाग सोडून आजच्याच गावकऱ्याचा त्रास कमी केला. पुढच्या पिढीचा खनिजावरचा हक्क मर्यादेने राखला जात नाही. तो राखायचा असेल तर खनिजाच्या जागी दुसरी काही मत्ता उभी राहिली पाहिजे, आणि ते काम निधीचे आहे.

यावरचा वाद अजून मिटलेला नाही आणि दोन्ही आदेशांवरचे आक्षेप वजनदार आहेत. मर्यादा संपूर्ण राज्यासाठी आहे, त्रास मात्र गावागणिक होतो. राज्याने २ कोटींचा आकडा पाळला तरी एका गावातून जाणारे ट्रक दुप्पट होऊ शकतात, आणि एका खड्ड्याने आटवलेल्या विहिरीला राज्याच्या बेरजेचा काहीच उपयोग नसतो. उलट बाजूने ट्रक आणि बार्जच्या मालकांचे म्हणणे होते की कर्जे आधीच्या उलाढालीच्या हिशोबाने घेतलेली असताना निम्म्याहून कमी कामावर हप्ते कसे भागवायचे. ही तक्रार खरी होती आणि तिला उत्तर मर्यादेत नव्हते. निधीबाबतचा आक्षेप मला अधिक खोल वाटतो. खनिज ही सर्वांची वडिलोपार्जित ठेव मानली, तर ती विकून आलेल्या रकमेतून काढण्याचा खर्च आणि वाजवी नफा वजा जाता उरलेले सगळे राखून ठेवले पाहिजे. दहा टक्के कोणत्या हिशोबाने? निकालात त्या टक्केवारीमागचे असे गणित मांडलेले नाही. तरीही पिढ्यांमधील न्यायाला रुपयांत मोजता येईल असे रूप दिले गेले ते या आदेशाने, आणि त्यामुळे त्यावर भांडता तरी येते.

लहान निबंधात याचा उपयोग असा. तिन्ही स्तंभांना एकेक परिच्छेद देऊन शेवटी ‘समतोल साधावा’ असे लिहिले की युक्तिवाद सुरूच होत नाही. त्याऐवजी एकच निर्णय निवडावा आणि त्याला क्रमाने विचारत जावे : कोण मिळवतो, कोण गमावतो, गमावलेले परत येते का, आणि भरपाई गमावलेल्यालाच मिळते का. तिसऱ्या प्रश्नावर सगळा भार पडतो. धूळ थांबवली तर हवा काही दिवसांत सुधारते. पाण्याची पातळी काही ठिकाणी खड्डा भरल्यावर वर येते, काही ठिकाणी येत नाही. खनिज कधीच परत येत नाही. परतीची शक्यता जितकी कमी, तितका तडजोड मागणाऱ्याच्या बाजूचा पुरावा जास्त भक्कम असायला हवा. ही भूमिका घेतली की ती निबंधात उघडपणे सांगावी, कारण तीही एक निवड आहे आणि गरिबांच्या आजच्या गरजेला पहिला मान देणारा तिला विरोध करू शकतो.

असा परिच्छेद कसा दिसेल, त्याचा एक नमुना : “वार्षिक मर्यादेमुळे राज्याचे उत्पन्न आणि ट्रकमालकांचे काम घटते, तर खाणीलगतच्या शेतकऱ्याचे पाणी आणि पीक काही प्रमाणात वाचते. ट्रकमालकाचे नुकसान पैशाने भरून देता येते. आटलेल्या झऱ्याचे देता येईलच असे नाही. म्हणून मर्यादा समर्थनीय आहे, परंतु दोन अटींवर : ती गावनिहाय लावावी आणि ज्यांचे काम गेले त्यांच्या कर्जफेडीची सोय त्याच आदेशात असावी. पुढील पिढीच्या वाट्याचा प्रश्न यातून सुटत नाही. त्यासाठी निधीतील वाटा वाढवावा लागेल.” एवढ्या सहा वाक्यांत तिन्ही स्तंभ आले, बाजू घेतली गेली आणि त्या बाजूची किंमतही मांडली गेली.

२०१४ नंतरच्या घडामोडींनी हा युक्तिवाद आणखी गुंतागुंतीचा केला. राज्याने ८८ भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण केले, त्यांतील बरेचसे लिलाव सक्तीचा करणारा केंद्राचा वटहुकूम १२ जानेवारी २०१५ रोजी लागू होण्याच्या अगदी आधी. न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ही सगळी नूतनीकरणे रद्द केली आणि १६ मार्च २०१८ पासून खाणी पुन्हा थांबल्या. दुसऱ्या खेपेची ही बंदी पर्यावरणासाठी आली असे अनेक निबंधांत लिहिलेले आढळते. मुख्य मुद्दा लिलाव न करता आणि नव्याने पर्यावरण मंजुरी न घेता पट्टे दिल्याचा होता. म्हणजे सार्वजनिक मालमत्तेची किंमत वसूल न होणे हेही त्यात तितकेच ठळक होते. केंद्राच्या खाण कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने खाणबाधित भागांसाठी जिल्हा पातळीवर आणखी एक निधी आणला. त्यात जुन्या पट्टेधारकांनी स्वामित्वधनाच्या तीस टक्के आणि लिलावाने पट्टा घेणाऱ्यांनी दहा टक्के इतकी रक्कम भरायची असते. हा निधी आजच्या बाधितांसाठी आहे, पुढच्या पिढीसाठी नाही, आणि निबंधात दोन्ही निधी एकाच ओळीत घालणे ही नेहमी दिसणारी चूक आहे.

२०२२ च्या अखेरीपासून लिलाव सुरू झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीच्या खाणपट्ट्यात काम पुन्हा चालू झाले. लिलावामुळे खनिजाच्या किमतीतील सरकारचा वाटा पूर्वीच्या तुलनेत पुष्कळ वाढला, ही आर्थिक स्तंभाची मोठी जमेची बाजू आहे. परंतु बोलीतून मिळणारी ही रक्कम कायमस्वरूपी निधीत न जाता राज्याच्या तिजोरीत महसूल म्हणून जमा होते आणि चालू खर्चासाठी उपलब्ध असते. आजच्या गोव्यावर निबंध लिहिणाऱ्याने समर्थन किंवा विरोध ठरवण्याआधी हा हिशोब मांडावा : वाढलेल्या वाट्यातून ठेव म्हणून किती राखले जाते, आणि किती त्याच वर्षी खर्च होते.